मोठ्या आईचा बिनतारखेचा अर्ज

माझ्या आतापर्यंतच्या आयुष्यातलं सगळ्यात जोरदार पत्र बँकेच्या धर्मेंद्र साहेबांनी भरभर वाचलं, घडी घातली आणि काचेखालच्या फटीतून मला परत दिलं.

“छान लिहिलंय,” ते म्हणाले. “पंधरा ऑगस्टला वाच.”

मागे रांगेतला एक माणूस फिसकन हसला. मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पासबुक वाचायला लागला.

तीन पानं होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला लिहायला आणि बोलायला कशाचीच भीती वाटत नाही, आणि हे पत्र तर मी मनापासून लिहिलं होतं. ‘महोदय, ज्या बँकेच्या दारात कष्टकरी स्त्री विश्वासानं पाऊल ठेवते, त्याच बँकेनं तिच्या घामाच्या कमाईवर डल्ला मारावा, ही कोणत्या संस्कृतीची रीत?’ अशी सुरुवात. शेवटच्या पानावर सावित्रीबाईही होत्या.

“यातली एक तरी गोष्ट मी कॉम्प्युटरमध्ये टाकू शकतो का सांग,” साहेब म्हणाले. “पैसे गेले कधी?”

“मागच्या महिन्यात.”

“तारीख?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“किती गेले?”

“चार हजार.”

“कुठे लिहिलंय?”

मी पानं उलटली. ‘घामाची कमाई’ चार वेळा होती. चार हजार कुठेच नव्हते.

“खातं कोणाचं?”

“माझ्या मोठ्या आईचं. धुरपता भोयर. केळझरची शाखा नाही, इथलीच.”

“आणि सही कोणाची? कुमारी गुंजन भोयर, दहावी अ.” त्यांनी काचेवर बोट टेकवलं. “खातेदार यायला पाहिजे ना, बेटा. आणि मुळात तू लिहिलंयस ते बाजार चौकातलं एटीएम आपलं नाही, दुसऱ्या बँकेचं आहे. तिकडे जा. नेक्स्ट.”

रांगेतून बाहेर निघताना माझे कान तापले होते. पण मी लगेच गेले नाही. भिंतीवर, कॅलेंडरच्या मागे अर्धवट लपलेला, एक बोर्ड होता: तक्रार कुठे करायची, पोच कशी घ्यायची, तीस दिवसांत उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कसं जायचं. मी कॅलेंडर बाजूला सरकवून त्याचा फोटो काढला. शिपायानं विचारलं, काय करून राह्यली व? मी म्हटलं, अभ्यास.

आता मोठ्या आईचं सांगते. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी. मोठे बाबा वारले तेव्हापासून तिचं एटीएम कार्ड बाबांच्या पाकिटात असायचं. पैसे तिचेच, पण काढायचे बाबांनी. तिचा भाजीचा वाफा वेगळा आहे, मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. व्यापारी पैसे तिच्या खात्यात टाकतो. शिवाय चतुर्थीला ती केळझरच्या गणपतीसमोर दुर्वा आणि जास्वंद विकायला बसते. यंदा पोळ्यानंतर एक दिवस तिनं सगळ्यांसमोर हात पुढे केला आणि म्हणाली, “भाऊजी, माझं कार्ड द्या.” मी तिला आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरच्या मशीनवर दोनदा शिकवलं. तिसऱ्या वेळी ती एकटी गेली, सेलूच्या बाजार चौकात, आणि तिथेच हे झालं. मशीन घरघरलं, थांबलं, नोट एक नाही आली, पावती नाही आली, पडद्यावर फक्त धन्यवाद. मागच्या माणसानं सांगितलं, “येतात मावशी आपोआप, पाच-सहा दिवसांत.” म्हणून ती कोणाला न सांगता वाट पाहत राहिली.

तिनं वाफ्यासाठी उधार घेतलेल्या पाण्याच्या नळ्यांचे पैसे मागायला दुकानदार दारात आला तेव्हा हे बाहेर पडलं. बाबा फार रागावले नाहीत, हेच वाईट. ते समजुतीनं बोलले.

“चुकीचं बटन दाबलं असंल, वहिनी. होते. उद्यापासून कार्ड माझ्यापाशी राहू द्या.”

“पैसे वापस आले तर?”

“आले तर कार्ड ठेवा तुमच्यापाशीच. मी नाव नाई घेणार.”

“कधीपर्यंत?”

बाबांना वाटलं, येणारच नाहीत. म्हणून मोकळ्या मनानं म्हणाले, “संक्रांतीपर्यंत. तोपर्यंत कार्ड राहू द्या तुमच्यापाशी.”

तर पत्र परत घेऊन मी घरी आले तेव्हा बाजी अशी होती. मोठी आई ओसरीत सांभाराच्या जुड्या बांधत बसली होती.

“घेतलं का त्यानं?” तिनं विचारलं.

“नाई घेतलं.”

“काऊन?”

“त्यात काहीच नव्हतं म्हणतो.”

“तीन पानं होते ना?”

“तीन पानं होते, पण तारीख नव्हती.”

तिनं हातातली जुडी बांधून संपवली. मग म्हणाली, “मग तो चार आकडी नंबर लिव्हून दे. मशीनचा. म्हणजे त्याले खरं वाटंल.”

“पिन? मोठी आई, तो कोणालेच नसते सांगायचा. बँकेलेही नाई. मलेही नाई.”

“तुले तर मी सांगितला हाये.”

“म्हणूनच उद्या बदलवू.”

मी ते तीन पानांचं पत्र बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. त्यावर फक्त प्रश्न लिहिले. कधी, किती, कुठलं मशीन, कोणत्या खात्यातून, पुरावा काय. रात्री बाबांचा फोन मागून रिझर्व्ह बँकेच्या साइटवर वाचत बसले. एटीएममधून पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून कापले गेले, तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत करायचे. नाही केले तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये ग्राहकाला द्यायचे, आणि ते ग्राहकानं मागायची वाट न पाहता. तक्रार करायची ती आपल्या बँकेत, मशीन कोणाचंही असो, कारण कार्ड आपल्या बँकेनं दिलेलं असतं. ते वाचून मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले.

“हे तर लिव्हलेलंच असते सगळीकडे,” बाबा म्हणाले. “देते कोण?”

“मागते कोण, ते पहा आधी.”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “बापाशी बोलून राह्यली का सभेत?”

मग तारखेकडे आलो. मोठ्या आईला तारखा लक्षात राहत नाहीत. तिचा महिना बाजाराच्या वारांनी आणि तिथींनी चालतो.

“चतुर्थी होती,” ती ठामपणे म्हणाली. “दुर्वा विकल्या, आलेले पैसे कनवटीला होते, अन् वरचे काढायले मी सेलूले गेलती.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. नोव्हेंबरची संकष्टी आठ तारखेला. मी कागदावर ‘८ नोव्हेंबर’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

“झालं,” मी म्हटलं. “आता मेसेज. बँक पैसे कापले की मेसेज पाठवते. खात्याले नंबर कोणाचा जोडला हाये?”

मोठ्या आईनं बाबांकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. खातं उघडताना मोठ्या आईकडे फोन नव्हता, म्हणून बाबांचा नंबर दिला होता.

“मले नाई आला कोणताच मेसेज,” बाबा म्हणाले.

“पाहिला होता?”

“बँकेचे मेसेज कोण पाहते? कर्ज घ्या, विमा घ्या, अभिनंदन तुमचं.”

त्यांच्या फोनवर न उघडलेले मेसेज इतके होते की आकडा त्या छोट्या गोलात मावत नव्हता. मी नोव्हेंबरपर्यंत खाली सरकत गेले. आठ तारीख. एक विम्याचा, दोन रिचार्जचे. पैशाचा एकही नाही. सातला नाही, नऊलाही नाही.

बाबांनी चष्मा काढला. “पाहा. कापलेच नाई तर मेसेज कसा येईन? वहिनी, तुमच्या खात्यात तेवढे होतेच नसंल. गडबडल्या असान तुम्ही. यात वाईट वाटून घ्यायचं काई नाई.”

खरं सांगते, त्या क्षणी मीसुद्धा डगमगले. एवढं मोठं लिहून आले होते मी बँकेत, डल्ला वगैरे. मोठ्या आईनं मात्र जुडी खाली ठेवली.

“किती तारीख म्हटली तू?”

“आठ. संकष्टी.”

“कोणी सांगितली तुले संकष्टी?”

“तूच म्हणाली ना, चतुर्थी.”

“संकष्टीले मी सेलूले जाईन? डोक्स्यात काई हाये का? पहाटपासून चंद्र निघेपर्यंत देवळासमोरून उठाले सवड नाई भेटत. लघवीले जायचं तं शेजारीणले दुकान सांभाळाले लावतो मी. विनायकी होती ती. विनायकीले गर्दी नसते, दुपारीच दुर्वा संपते, म्हणून तं मी रिकामी होती.”

आमच्या घरात चतुर्थी म्हटलं की संकष्टीच. उपास तीच धरतात सगळे. शुक्ल पक्षातली विनायकी फक्त मोठ्या आईसारख्या दुर्वा विकणाऱ्या बायांच्या ध्यानात असते, कारण त्या दिवशीही थोडी विक्री होते. मी कॅलेंडर पुन्हा घेतलं. अमावस्येच्या पुढे बोट सरकवलं. चोवीस नोव्हेंबर.

फोनमध्ये चोवीस तारखेला, विम्याच्या आणि कुठल्याशा लकी ड्रॉच्या मधोमध, तो मेसेज बसला होता. खात्याचे शेवटचे चार आकडे, चार हजार रुपये काढले, तारीख, वेळ दुपारची, आणि शेवटी एक लांबलचक संदर्भ क्रमांक. न उघडलेला.

मी तो मोठ्यानं वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, बाबांच्या कानाजवळ.

“समजलं,” बाबा म्हणाले. “बहिरा नाई मी.”

“गडबडलं कोण होतं म्हणता, भाऊजी?” मोठ्या आईनं विचारलं आणि पुन्हा सांभाराला हात घातला.

मेसेजचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बाजार चौकातल्या त्या एटीएमवर गेलो. मशीनच्या कपाळावर बँकेचं नाव आणि त्याखाली एक नंबर चिकटवलेला असतो. इतके दिवस मी कधी पाहिला नव्हता. मी तो उतरवून घेत होते तेव्हा मोठी आई मशीनसमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“हेच ते,” ती म्हणाली. “कसं साजरं चमकून राह्यलं.”

मग तिनं तिथेच, मला बाहेर उभं करून, दार ओढून घेऊन, पिन बदलवला. बाहेर आल्यावर म्हणाली, “आता तुलेही नाई माहीत.” मला थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ बरं वाटलं.

नवं पत्र अर्धं पान झालं. ते लिहिताना माझा हात शिवशिवत होता. ‘घामाची कमाई’ एकदा तरी घालावी असं फार वाटलं, पण ते कॉम्प्युटरमध्ये जात नाही. मी लिहिलं ते असं:

‘माझ्या बचत खात्यातून दिनांक २४ नोव्हेंबर रोजी दुपारी सेलू येथील बाजार चौकातील एटीएमवर चार हजार रुपये काढण्याचा प्रयत्न केला. रोकड मिळाली नाही, पावती निघाली नाही, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली. एटीएमचा क्रमांक व व्यवहाराचा संदर्भ क्रमांक खाली दिला आहे. रक्कम परत जमा करावी आणि नियमानुसार उशिराची भरपाई द्यावी. सोबत मेसेजची प्रत व पासबुकाच्या पानाची प्रत.’

खाली खाते क्रमांक, कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, आणि मोठ्या आईची सही. सही करायला तिला बराच वेळ लागतो. ‘धुरपता’तला ‘धु’ ती रांगोळीसारखा काढते. मी घाई केली नाही.

शनिवारी अर्धी शाळा होती. बँकेत आधी पासबुकात एन्ट्री मारून घेतली. चोवीस तारखेसमोर चार हजार छापून आले, काळे कुळकुळीत. त्या पानाची झेरॉक्स काढली, पत्राच्याही दोन प्रती केल्या, आणि आम्ही धर्मेंद्र साहेबांसमोर उभ्या राहिलो.

“आली भाषणवाली,” ते म्हणाले. पण पत्र हातात घेतलं. या वेळी भरभर नाही वाचलं. संदर्भ क्रमांकावर बोट ठेवून कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं.

“हं. एन्ट्री तर दिसते,” ते म्हणाले. “पण मी सांगितलं ना त्या दिवशी, मशीन दुसऱ्या बँकेचं आहे. तिथे अर्ज द्या.”

“कार्ड कोणाचं आहे, साहेब?” मी विचारलं.

“कार्ड आपलं.”

“खातं?”

“आपलंच.”

“मग तक्रार पण आपलीच. तुम्ही त्या बँकेला विचारायचं, त्या दिवशी त्यांच्या मशीनमध्ये रोकड जास्त उरली का. आम्ही नाही विचारायचं. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. दाखवू?”

“तू मला शिकवशील?”

“नाही साहेब. तुम्हाला येतच असेल. मी फक्त आठवण करून दिली.”

मागच्या खुर्चीवरून एक मॅडम, त्यांना सगळे इला मॅडम म्हणतात, मान वर न करता म्हणाल्या, “धर्मेंद्र, घेऊन टाक ना. नाहीतरी आपल्यालाच करायचं आहे.”

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि अर्ज ट्रेमध्ये टाकला. “ठीक आहे. पाहू. कळवू.”

मी निघणार होते. मोठ्या आईनं माझा दंड धरला आणि दुसरी प्रत काचेखालून आत सरकवली.

“यावर शिक्का मारा,” ती म्हणाली. “अन् नंबर द्या तक्रारीचा.”

“मावशी, अर्ज घेतला ना आम्ही.”

“घेतला तुमच्याजवळ राह्यला. माझ्याजवळ काय राह्यलं?”

“विश्वास नाही का आमच्यावर?”

“हाये ना. म्हणून तं पैसे इथं ठेवले. शिक्का मारा.”

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की साहेबांना चिडायलाही जागा मिळाली नाही. शिक्का बसला, तारखेसकट. तक्रार क्रमांक त्यांनी पेनानं वर लिहिला. तीस दिवसांत नाही झालं तर आम्ही लोकपालाकडे जाणार, हे मी सांगायला तोंड उघडलं, पण इला मॅडमनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, म्हणजे माहीत आहे, बस. मी तोंड मिटलं.

मग दिवस जाऊ लागले. मोठी आई रोज संध्याकाळी बाबांना विचारायची, “भाऊजी, काई आलं का?” बाबा फोन काढून दाखवायचे. रोज विचारल्यामुळे त्यांना मेसेज उघडायची सवयच लागली. एक दिवस म्हणाले, “मले लकी ड्रॉ लागला तं मी तुम्हाले अर्धे देईन, पण हे मेसेजचं विचारणं बंद करा.” तिनं बंद केलं नाही. ख्रिसमस झाला, नवीन वर्ष लागलं. आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं आणि मी त्यात बोलले, पण तेही मला अर्धंमुर्धंच आठवतं, कारण माझं लक्ष संक्रांतीकडे होतं. बाबा काही म्हणत नव्हते. फक्त एकदा पाकीट साफ करताना त्यांनी कार्डाचा जुना कप्पा रिकामा करून ठेवला. मोठ्या आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

संक्रांतीला तीन-चार दिवस उरले असताना बाबा भर दुपारी वाफ्यावर आले. ते दुपारी कधी येत नाहीत. फोन हातात होता.

“आले,” ते म्हणाले. “चार हजार जमा.”

मोठी आई पालकाला पाणी देत होती. तिनं आधी पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, मग पदराला हात पुसून फोन घेतला. आकडे तिला वाचता येतात. तिनं ते वाचले.

“फक्त चार?”

“मग किती पाहिजे? गेले तेवढे आले.” बाबा हसत होते, मनापासून. “जिंकल्या तुम्ही, वहिनी. कार्ड तुमच्यापाशी. मी शब्द दिला होता.”

“शब्दाचं नंतर,” ती म्हणाली. “गुंजन, उशिराचे दिवसाचे शंभर होते ना?”

“हो.”

“आले का?”

“नाही आले.”

बाबांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “आता त्यासाठी पुन्हा जाता? साहेबाले राग येईन. उद्या काम पडते बँकेत.”

“येऊ द्या राग,” मोठी आई म्हणाली. “मले आला तवा कोणी पाहिला?” मग थोडं थांबून, आवाज जरा मऊ करून, “अन् भाऊजी, तो नंबरही बदलवून घेतो. माझा टाकतो. माझे पैसे येतात तं मलेच आधी कळू द्या. तुम्हाले दुपारच्या उन्हात धावत यायले लागलं.”

बाबा धुऱ्यावर, म्हणजे वाफ्याच्या बांधावर, बसले आणि एक पान तोडून चावायला लागले.

संध्याकाळी पत्र तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. मी ‘महोदय’पुढे काहीतरी भारी जोडायला गेले तर म्हणाली, “थांब. आधी तक्रारीचा नंबर टाक. मग पैसे कोणत्या तारखेले गेले ते. मग कोणत्या तारखेले आले ते.” दिवस तिनं स्वतः मोजले, कॅलेंडर मांडीवर घेऊन, पाच दिवस सोडून पुढचा एकेक, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे मी महिन्याचे एकतीस-तीस विसरते. तिनं दोनदा मोजले. आकडा मोठा निघाला. तो मी आधी पेन्सिलीनं लिहिला, तर तिनं पेन पुढे केलं.

सोमवारी शाळेच्या आधी आम्ही बँक उघडायच्या वेळेला दारात होतो. धर्मेंद्र साहेब कुलपाची चावी खिशात टाकत होते.

“पैसे आले ना, मावशी? आता काय?”

मोठ्या आईनं पत्र दिलं, त्याखाली जुन्या शिक्क्याची झेरॉक्स, त्याखाली नंबर बदलायचा भरलेला फॉर्म आणि आधार कार्ड. साहेबांनी सगळं उभ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांच्या भुवया वर गेल्या.

“एवढे? हे मला वर पाठवावं लागेल. आज काही होणार नाही.”

“पाठवा,” ती म्हणाली. “शिक्का मारून पाठवा.”

“मॅनेजर साहेब अकराला येतात. सही त्यांची लागेल.”

मोठ्या आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि काउंटरसमोरच्या बाकावर मधोमध बसली, पाय पसरून, जशी देवळासमोर बसते.

“गुंजन, तू शाळेत जाय,” ती म्हणाली. “तुझा पेपर हाये. मी बसतो.”

मी दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. साहेब तिला काहीतरी सांगत होते, आणि ती ऐकून घेत होती, पण उठत नव्हती.